लोगोतले रंग आणि पडद्यावरचा उजेड

कंपनीच्या सादरीकरणासाठी रंग ठरवायचे म्हटलं की बहुतेक जण लोगो उघडतात, त्यातले दोन-तीन रंग उचलतात आणि मथळे, आलेख, पट्ट्या सगळं त्याच रंगांत करून टाकतात. लॅपटॉपवर ते छान दिसतं. मग तीच फाइल तालुक्याच्या सभागृहातल्या जुन्या प्रोजेक्टरवर लागते. खिडक्यांना पडदे नसतात, पुढच्या ट्यूब चालू असतात आणि तिसऱ्या रांगेतला माणूस डोळे बारीक करून आकडे शोधू लागतो. रंग चुकीचे निवडले असं इथे सहसा झालेलं नसतं. ते तपासले गेले ते लॅपटॉपवर, पण वापरले जाणार होते पडद्यावर, आणि या दोन ठिकाणांचं गणित वेगळं आहे. ते गणित अवघड नाही. एकदा समजलं की लोगोतला कोणता रंग अक्षरांसाठी, कोणता फक्त पट्टीसाठी आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. शेतीची अवजारं बनवणारी एक छोटी कंपनी आहे असं समजा. लोगोत दोन रंग आहेत: केशरी #F7941D आणि हिरवा #39B54A. असे केशरी-हिरवे लोगो आपल्याकडे पावलोपावली दिसतात. विक्रेत्यांच्या वार्षिक बैठकीसाठी या कंपनीला सादरीकरण करायचं आहे.

रंग उचलताना

हे कोड मिळवण्यातच पहिली गफलत होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या जेपीजी लोगोवर आयड्रॉपर ठेवला तर प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा रंग मिळतो, कारण जेपीजी फाइल लहान करताना कडांजवळचे रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून डिझायनरकडून मूळ फाइल मागा. एसव्हीजी किंवा पीडीएफ असेल तर उत्तम, नाहीतर मोठी पीएनजी. तीही नसेल तर लोगो मोठा करून रंगाच्या सपाट भागाच्या मध्यावरून नमुना घ्या, कडेवरून कधीच नाही. लेटरहेड स्कॅन करून रंग काढू नका. त्यात कागदाचा पिवळेपणा आणि छपाईची शाई दोन्ही येतात. छपाईसाठी दिलेले चार शाईंचे टक्के आणि पडद्यासाठीचे लाल-हिरवा-निळा आकडे यांचंही एकास एक नातं नसतं, त्यामुळे पडद्यासाठीचे कोड डिझायनरकडून वेगळे मागून घेतलेले बरे.

उजळपणा मोजला की काय दिसतं

केशरी आणि हिरवा शेजारी ठेवले तर डोळ्यांना ते अगदी वेगळे वाटतात. पण अक्षरं वाचताना डोळा मुख्यतः रंगाच्या जातीवर अवलंबून नसतो, तो उजेड-अंधाराच्या फरकावर अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक रंगाचा उजळपणा काढावा लागतो. पूर्ण पांढऱ्याला 1 आणि पूर्ण काळ्याला 0 धरायचं. या मोजमापात हिरव्या प्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे 71 टक्के. लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. कोडमधले आकडे मात्र थेट गुणून चालत नाहीत, कारण ते प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. आधी ते सरळ करावे लागतात. एक्सेलच्या एका ओळीत हे काम होतं. A2, B2, C2 मध्ये लाल, हिरवा आणि निळा यांचे 0 ते 255 मधले आकडे लिहा. खालचं पहिलं सूत्र D2 मध्ये टाकून F2 पर्यंत ओढा आणि दुसरं G2 मध्ये लिहा:

```
=IF(A2/255<=0.04045, A2/255/12.92, ((A2/255+0.055)/1.055)^2.4)
=0.2126*D2+0.7152*E2+0.0722*F2
```

आपल्या केशरीचा उजळपणा येतो 0.41 आणि हिरव्याचा 0.34. दिसायला इतके वेगळे असलेले दोन रंग उजळपणात जवळजवळ शेजारी आहेत. कृष्णधवल छपाईत दोन्ही जवळजवळ एकाच राखाडी छटेचे येतील. लाल-हिरवा फरक नीट न दिसणाऱ्या माणसांना तर ते रंगानेही एकमेकांजवळ भासतात. मागच्या वर्षीचा स्तंभ केशरी आणि या वर्षीचा हिरवा असा आलेख केला, तर तो फरक पूर्णपणे रंगाच्या जातीवर उभा राहतो, आणि मंद पडद्यावर सर्वांत आधी फिकी पडते ती रंगाची जातच.

दोन रंगांमधला कॉन्ट्रास्ट काढण्याची रूढ पद्धत वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानदंडातून आली आहे. जास्त उजळ रंगाच्या आकड्यात 0.05 मिळवायचे, कमी उजळ रंगाच्या आकड्यात 0.05 मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर 1.05 भागिले 0.05, म्हणजे 21. हाच सर्वांत मोठा शक्य कॉन्ट्रास्ट. साध्या मजकुरासाठी किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 अशी त्या मानदंडाची अट आहे. पांढऱ्यावर आपला केशरी 2.28 देतो आणि हिरवा 2.66. म्हणजे लॅपटॉपवरही हे दोन्ही रंग पांढऱ्यावर अक्षरांसाठी नापास आहेत. ही पहिली चाळणी. पण प्रोजेक्टरसाठी ती पुरेशी नाही, आणि त्याचं कारण त्या 0.05 मध्ये आहे.

0.05 कुठून येतात आणि सभागृहात त्यांचं काय होतं

ते 0.05 म्हणजे पडद्यावर बाहेरून पडणारा उजेड. लॅपटॉप किंवा मॉनिटरवर आसपासचा थोडासा प्रकाश पडून परतणारच, म्हणून पांढऱ्याच्या 5 टक्के इतकी भर गृहीत धरली आहे. प्रोजेक्टरच्या पडद्यावर ही भर पाच टक्क्यांवर थांबत नाही. प्रोजेक्टर फक्त प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. स्लाइडवरचा काळा भाग म्हणजे पडद्याचा असा भाग, जिथे प्रोजेक्टरने प्रकाश टाकलेला नाही. मग तिथे काय दिसतं? ट्यूबच्या आणि खिडकीच्या उजेडात जेवढा पडदा उजळेल तेवढा. बंद प्रोजेक्टरसमोर पडदा जितका पांढरट दिसतो, तोच तुमचा काळा. त्यापेक्षा काळं त्या खोलीत काही मिळणार नाही.

म्हणून सूत्र तेच ठेवायचं, फक्त 0.05 च्या जागी त्या खोलीचा खरा आकडा घालायचा. तो मोजता येतो. अँड्रॉइड फोनवर लक्समीटरचं कोणतंही साधं अ‍ॅप घ्या. फोनचा प्रकाश मोजणारा सेन्सर समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो. फोनची काच प्रोजेक्टरकडे करून तो पडद्याच्या मध्यावर टेकवून धरा आणि स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका. आधी पूर्ण पांढरी स्लाइड लावून आकडा घ्या, मग पूर्ण काळी लावून. दोन्ही वेळा दिवे आणि पडदे अगदी सभेत असतील तसेच ठेवा. अ‍ॅपचे लक्स नेमके बरोबर नसतील, पण आपल्याला फक्त दोन आकड्यांचं प्रमाण हवं आहे, त्यामुळे फार बिघडत नाही. आयफोनवरची अशी अ‍ॅप बहुतेक कॅमेऱ्यावरून अंदाज काढतात, म्हणून या कामासाठी कोणाचा तरी अँड्रॉइड मागून घेतलेला बरा.

आपल्या उदाहरणात पांढऱ्या स्लाइडला 400 लक्स आले आणि काळीला 80, असं धरू. हे आकडे मुद्दाम वाईट निवडलेले नाहीत. 2000 ल्युमेनचा प्रोजेक्टर घेतला आणि त्याचा दिवा आयुष्याच्या शेवटाकडे आला असेल, तर त्याचा प्रकाश निम्मा झालेला असतो. दिव्याचं आयुष्य सहसा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतच मोजतात. उरलेले सुमारे हजार ल्युमेन 2 मीटर बाय 1.5 मीटरच्या चित्रावर, म्हणजे 3 चौरस मीटरवर पसरले की पडद्यावर 330 लक्सच्या आसपास उरतात. त्यात ट्यूब आणि खिडकीचे 80 मिळवले की 400 च्या जवळपास आलोच.

400 मधून 80 वजा केले की प्रोजेक्टरचा स्वतःचा प्रकाश 320. बाहेरचा 80 भागिले 320, म्हणजे 0.25. हा झाला खोलीचा आकडा. आता पांढऱ्यावर काळं: 1.25 भागिले 0.25, म्हणजे 5. लॅपटॉपवर जे 21 होतं ते इथे 5, आणि जगातला कोणताही रंग या खोलीत 5 च्या पुढे जाणार नाही. सादरीकरणाच्या पडद्यांसाठी एएनएसआय/इन्फोकॉम 3एम-2011 नावाचा मानदंड 2011 मध्ये आला. त्यात नुसतं बघण्यापुरत्या प्रतिमेसाठी किमान 7 आणि आकडे वाचून निर्णय घ्यायचे असतील तर 15 अशी पातळी दिली आहे. आपली खोली पहिल्या पातळीलाही पोचत नाही.

म्हणून रंगांकडे वळण्याआधी पडद्याजवळच्या ट्यूबच्या बटणाकडे जा. तीच बंद करून काळ्या स्लाइडचा आकडा 80 वरून 25 झाला, तर पांढऱ्याचा 345 होतो आणि वरची मर्यादा 5 वरून थेट 13.8 वर जाते. मागच्या ट्यूब चालू राहिल्या तरी चालतं, लोकांना वहीत लिहिता येतं. दुसरा उपाय म्हणजे चित्र लहान करणं. प्रोजेक्टर पुढे आणून किंवा झूम करून रुंदी 2 मीटरवरून 1.4 केली की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि तेवढाच प्रकाश दुप्पट दाट पडतो. मोठं फिकं चित्र आणि लहान ठळक चित्र यांतलं दुसरंच मी नेहमी निवडेन. मात्र सभागृह आपलं नसतं, ट्यूबचं बटण कुणाच्या हातात आहे ते ऐनवेळी सापडत नाही, आणि एकच फाइल दहा ठिकाणी फिरते. म्हणून रंगपट्टी वाईट खोलीसाठीच बांधायची: आकडा 0.25 धरून.

एकाच कॉन्ट्रास्टच्या दोन जोड्या, दोन निकाल

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण इंटरनेटवरचे कॉन्ट्रास्ट तपासणारे सगळे चेकर तिच्यापाशी तोकडे पडतात. काळ्या पार्श्वभूमीवर केशरी अक्षरं लिहिली तर चेकर 9.2 दाखवतो. पांढऱ्यावर गडद हिरवी #0B5214 अक्षरं लिहिली तर 9.4. लॅपटॉपवर दोन्ही झकास. आता 0.25 घालून पुन्हा मोजू. पांढऱ्यावर गडद हिरवा: 1.25 भागिले 0.31, म्हणजे 4. काळ्यावर केशरी: 0.66 भागिले 0.25, म्हणजे 2.6. सुरुवात जवळपास सारखी होती, शेवट मात्र एकाचा वाचता येण्याजोगा आणि दुसऱ्याचा मोठ्या अक्षरांच्या किमान अटीच्याही खाली.

कारण सरळ आहे. काळ्यावरच्या केशरीचा सगळा कॉन्ट्रास्ट काळेपणातून येत होता, आणि खोलीने सर्वांत आधी काळेपणाच काढून घेतला. पांढऱ्यावरच्या गडद हिरव्याकडे प्रोजेक्टरचा पूर्ण उजेड भांडवल म्हणून होता, तो कमी झाला नाही. म्हणून दिवे चालू असलेल्या खोलीत पार्श्वभूमी पांढरीच ठेवा. काळी किंवा गडद निळी पार्श्वभूमी, तिच्यावर लोगोचे रंगीत मथळे, ही रचना सिनेमागृहासारख्या अंधारातच शोभते. गडद पट्टी हवीच असेल तर तिच्यावर अक्षरं फक्त पांढरी.

हे दुसऱ्या बाजूनेही तपासून बघा. चेकरमध्ये जेमतेम 4.5 मिळवून पास झालेला रंग पांढऱ्यावर घेतला, तर त्याचा उजळपणा साधारण 0.18 असतो. आपल्या खोलीत तो 2.9 वर येतो. वेबसाइटसाठी चालणारा रंग इथे मथळ्यालाही अपुरा. खोलीत 4 हवे असतील तर अक्षरांच्या रंगाचा उजळपणा 0.06 च्या आसपास किंवा त्याखाली असावा लागतो, म्हणजे साध्या चेकरमध्ये पांढऱ्यावर 9 च्या वर आकडा यायला हवा. सूत्राची एक्सेल हाताशी नसेल तेव्हा एवढं लक्षात ठेवलं तरी अक्षरांच्या रंगात चूक होत नाही.

देवनागरीसाठी मी या अटीत सवलत देत नाही. अनुस्वाराचा ठिपका, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीची टोकं हे सगळं अक्षराच्या मूळ अंगापेक्षा बारीक असतं आणि फिकेपणात आधी तेच नाहीसं होतं. इंग्रजी शब्द अर्धवट दिसला तरी ओळखता येतो. मराठीत वरचा ठिपका गेला की 'नंदी'ची 'नदी' व्हायला वेळ लागत नाही. मजकूर 28 पॉइंटच्या खाली नको आणि 'मुक्ता'सारख्या फॉन्टची जाड वजनं वापरा. बारीक वजनं पडद्यावर रंगाचा दोष नसतानाही फिकी दिसतात.

आता रंगपट्टी बांधू

पहिला रंग पांढरा, पार्श्वभूमीसाठी. दुसरा, अक्षरांचा. तो लोगोच्या हिरव्यातूनच काढता येतो. रंगछटा तीच ठेवायची, म्हणजे रंगचक्रावरची जागा हलू द्यायची नाही, आणि फक्त उजेड उतरवायचा. #39B54A वरून #0B5214 पर्यंत आलं की छटा जवळपास तीच राहते, उजळपणा मात्र 0.34 वरून 0.06 वर येतो. पॉवरपॉइंटच्या रंगखिडकीत HSL निवडलं तर Hue न हलवता Lum खाली आणणं म्हणजे हेच. नुसता काळा मिसळत गेलं तर हिरवा मळकट होतो, म्हणून उजेड उतरवताना Sat थोडा वाढवा. खोलीत 4 चा कॉन्ट्रास्ट देणारा हा गडद हिरवा बघणाऱ्याला कंपनीचाच वाटतो. मथळे, मजकूर, आकडे, अक्षांवरच्या रेषा, सगळं याच रंगात.

केशरीलाही असंच गडद करावं असा मोह होतो. तो टाळा. केशरी खाली उतरवला की तो तपकिरी होतो. #7A4100 पर्यंत नेला तर खोलीत 3.8 मिळतात, पण तो कंपनीचा केशरी राहत नाही. बघणाऱ्याला तो दुसऱ्याच कुणाचा तरी रंग वाटतो. हिरवा, निळा, जांभळा हे रंग गडद होऊनही आपली ओळख टिकवतात. केशरी आणि पिवळ्याला ते जमत नाही. लोगोत असा एखादा रंग असेल तर त्याला अक्षरांचं काम देऊच नका.

मग मूळ केशरीवर अक्षरं लिहायची का? मोजून बघा. आपल्या खोलीत त्याच्यावर पांढरी अक्षरं 1.9 देतात, काळी 2.6 आणि गडद हिरवी 2.1. कोणतंही 3 गाठत नाही. केशरी मधल्या उजेडाचा रंग आहे, त्यामुळे दोन्हीकडून त्याला पुरेशी उंची मिळत नाही. केशरी चौकटीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला मुद्दा कंपन्यांच्या सादरीकरणांत सर्रास दिसतो आणि मागच्या रांगेतून तो वाचता येत नाही, त्याचं कारण हेच. केशरीला काम द्या ते आकाराचं: आलेखातला स्तंभ, मथळ्याखालची जाड पट्टी, नकाशावरचा जिल्हा. त्यातला आकडा स्तंभाच्या आत लिहू नका, स्तंभाच्या वर पांढऱ्यावर गडद हिरव्यात लिहा.

आलेखात केशरी आणि गडद हिरवा हीच जोडी वापरा. खोलीत पांढरा, केशरी आणि गडद हिरवा अशा तीन पायऱ्या पडतात: पांढऱ्यापासून केशरी 1.9 अंतरावर, केशरीपासून गडद हिरवा 2.1 वर. दोन्ही अंतरं जवळपास सारखी, त्यामुळे मालिका सहज वेगळ्या दिसतात. केशरी स्तंभ पांढऱ्यावर एकटा पुसट वाटू नये म्हणून त्याला गडद हिरव्याची दीड-दोन पॉइंटची कड द्या. मूळ हिरवा #39B54A मात्र आलेखातून पूर्ण काढा. आपल्या खोलीत तो आणि केशरी यांच्यात 1.1 चा फरक उरतो, म्हणजे काहीच नाही. हे अनेकांना पचत नाही, लोगोचा मुख्य रंगच काढला असं वाटतं. पण तो रंग लोगोत आहेच, आणि प्रत्येक स्लाइडवर लोगो आहेच. लोगोला हात लावायचा नाही. त्याचे रंग बदलायचे नाहीत, तो पांढऱ्यावर जसा आहे तसाच ठेवायचा. डब्ल्यूसीएजीमध्येही लोगोला कॉन्ट्रास्टच्या अटीतून सूट आहे.

चौथी मालिका, पाचवी मालिका लागली तर? पाचच्या मर्यादेत पांढरा धरून चार पायऱ्या कशाबशा बसतात, त्यापुढे रंगाने भेद दाखवणं सोडून द्यावं. मालिकांची नावं खाली वेगळ्या चौकटीत न देता थेट रेषेच्या टोकाशी लिहा, किंवा एका आलेखाचे दोन आलेख करा.

शेवटचा रंग महत्त्वाच्या ओळींमागच्या चौकटीसाठी: फिका केशरी #FFE3BF. याच्यावर गडद हिरवी अक्षरं 3.4 देतात, म्हणजे मोठ्या मजकुराला पुरेसं. पण पांढऱ्यापासून त्याचं अंतर फक्त 1.2. उजेड असलेल्या खोलीत ही चौकट बऱ्याच जणांना दिसणारच नाही. म्हणून 'फिक्या केशरीतल्या ओळी यंदाच्या' असं कधी ठरवू नका. डावीकडे गडद हिरव्याची जाड उभी रेघ द्या. रंग उडाला तरी रेघ राहते.

प्रोजेक्टर रंगांशी कसा वागतो

आतापर्यंतच्या हिशोबात प्रोजेक्टर केशरीला त्याच्या कोडप्रमाणे उजेड देतो असं धरलं. सगळे तसं करत नाहीत. स्वस्त डीएलपी प्रोजेक्टरमध्ये फिरत्या रंगचाकावर लाल, हिरवा, निळा यांच्याबरोबर बहुधा एक पारदर्शक भाग असतो. पांढरं दाखवताना तोही उजेड घालतो, भडक, शुद्ध रंग दाखवताना घालत नाही. पांढरा झगमगतो, शेजारचा पिवळा मोहरीच्या रंगाचा आणि केशरी विटकरी होतो. खोक्यावरचे ल्युमेन पांढऱ्याचे असतात, रंगांचे नसतात.

हे तपासायला पूर्ण केशरी स्लाइड लावा आणि लक्स मोजा. त्यातून काळ्या स्लाइडचा आकडा वजा करून प्रोजेक्टरच्या स्वतःच्या प्रकाशाने भागा. उत्तर 0.41 च्या जवळ हवं. आपल्या खोलीत 320 गुणिले 0.41 म्हणजे सुमारे 131, अधिक 80, म्हणजे 211 लक्सच्या आसपास. 160 च आले तर केशरीचा खरा उजळपणा 0.25 झाला, आणि तो गडद हिरव्याकडे सरकला. फोनचा सेन्सर रंगीत प्रकाशात थोडा चुकतो, त्यामुळे लहानसा फरक सोडून द्या. पण निम्म्याच्या आसपास आला तर चित्राचा मोड बदलून बघा. Bright किंवा Dynamic ऐवजी sRGB किंवा Cinema लावला की पांढरा थोडा उतरतो, पण रंग पुन्हा आपापल्या जागी येतात. पांढरा उतरल्यावर खोलीचा आकडा पुन्हा मोजा, नाहीतर एक सुधारताना दुसरं बिघडतं. पडद्याऐवजी भिंत असेल तर तिचा रंगही बघा. पिवळसर डिस्टेंपरवर फिका केशरी ओळखूच येत नाही.

प्रोजेक्टर जवळ नसेल तेव्हा टेबलावर एक साधी चाचणी करता येते. 0.25 च्या खोलीत काळा रंग लॅपटॉपवरच्या #7C7C7C इतका राखाडी होतो. स्लाइडवर पूर्ण आकाराचा पांढरा आयत ठेवा, त्याची Transparency 50% करा आणि पाच-सहा पावलं मागे जाऊन वाचा. मधल्या रंगांशी ही चाचणी खऱ्या खोलीपेक्षा थोडी कठोर वागते, पण जे इथे वाचता येतं ते सभागृहात अडत नाही.

थीममध्ये बसवताना

रंग ठरले की ते थीममध्ये भरा, नाहीतर दुसरा कर्मचारी नवी स्लाइड घालताना जुनेच रंग आणतो. पॉवरपॉइंटमध्ये Design, Variants, Colors, Customize Colors या वाटेने बारा खाने मिळतात. Dark 1 आणि Dark 2 दोन्ही #0B5214, Light 1 पांढरा, Light 2 फिका केशरी. Accent 1 गडद हिरवा आणि Accent 2 केशरी, कारण नवा आलेख मालिकांना रंग याच क्रमाने देतो. Accent 3 ते 6 मध्ये लोगोचा मूळ हिरवा किंवा आणखी चार सुंदर रंग भरू नका. तिथेही गडद हिरवा आणि केशरीच पुन्हा भरा. पाच मालिकांचा आलेख मग उघडउघड चुकीचा दिसतो, आणि तो करणारा थांबतो. Hyperlink आणि Followed Hyperlink हे दोन खाने बहुतेकांकडून विसरले जातात. तिथेही गडद हिरवा. रंगनिवडीच्या खिडकीत प्रत्येक थीमरंगाखाली Lighter आणि Darker छटांची रांग आपोआप येते. त्या छटा या हिशोबात तपासलेल्या नाहीत, म्हणून अक्षरांसाठी त्या वापरायच्या नाहीत असं सहकाऱ्यांना स्पष्ट सांगा.

सभागृहात पोचल्यावर पांढरी आणि काळी स्लाइड लावून दोन आकडे घेणं पाच मिनिटांचं काम आहे. खोलीचा आकडा 0.25 च्या खाली आला तर फाइल तशीच चालवा. 0.5 च्या आसपास आला, तर त्या खोलीत पांढऱ्यावर काळंही फक्त 3 देणार आहे आणि गडद हिरवा 2.7. तिथे रंगपट्टी काही करू शकत नाही. चित्र लहान करा, पुढची ट्यूब बंद करायला सांगा, आणि तेही होणार नसेल तर आकड्यांच्या स्लाइड छापून खुर्च्यांवर ठेवा. पडद्यावर मग मथळे आणि मोठे आलेख तेवढे राहू द्या.